पाडवा पहाट कधी, कुठे आणि पास लागतो का?

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की किराणा दुकानाच्या काचेवर, वाचनालयाच्या फलकावर, एसटी स्टँडच्या खांबांवर दिवाळी पहाटेची पोस्टरे दिसू लागतात. पणत्या, आकाशकंदील, तंबोऱ्याचे चित्र आणि भरपूर मजकूर. समोरून जाणारा माणूस पिशवी सावरत, गाड्या चुकवत चाललेला असतो. थांबलाच तर चार-पाच सेकंद थांबतो. तेवढ्यात त्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: कार्यक्रम कधी आहे, कुठे आहे आणि आत जायला काय लागते. बहुतेक पोस्टरांवर या तिन्ही गोष्टी असतात, पण त्या शोधाव्या लागतात. मग कार्यकर्त्यांचे फोन आदल्या रात्रीपर्यंत वाजत राहतात आणि विचारणा याच तीन गोष्टींची होते.

मजकूर कमी आहे असे नाही. तो ज्या क्रमाने मांडला आहे, तिथे अडचण आहे. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या वाचनालयाने २०२५ च्या पाडव्याला गाण्याचा कार्यक्रम ठेवला असता, तर पोस्टर साधारण असे झाले असते:

॥ श्री ॥
कला, साहित्य व संस्कृतीची उज्ज्वल परंपरा जपणाऱ्या आपल्या वाचनालयाच्या वतीने
दीपावलीच्या मंगल पर्वानिमित्त
खास रसिकांच्या आग्रहास्तव
पाडवा पहाट
(नाट्यगीते, भावगीते व अभंगांची सुरेल मैफल)
गायक व साथसंगत, प्रमुख पाहुणे, अध्यक्ष यांची नावे
वरील कार्यक्रम बुधवार दि. २२/१०/२०२५ रोजी पहाटे ठीक ५.३० वाजता वाचनालयाच्या प्रांगणात संपन्न होणार असून सर्व रसिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी, ही नम्र विनंती.
स्वागतोत्सुक, विनीत, सौजन्य यांची नावे
टीप: प्रवेश विनामूल्य. प्रवेशिका आवश्यक. काही जागा राखीव.

हा नमुना कुणाच्याही परिचयाचा आहे, कारण त्याची घडण निमंत्रणपत्रिकेतून आली आहे. पत्रिका हातात येते, घरी बसून वाचली जाते, टेबलावर पडून राहते. तिच्यात आधी देवाचे स्मरण, मग यजमान, मग निमित्त, मग पाहुण्यांचा मान आणि शेवटी विनंती, हा क्रम शोभतो. तोच मजकूर जसाच्या तसा मोठा करून भिंतीवर लावला की बिनसते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. त्यामुळे ‘वरील कार्यक्रम’पासून ‘नम्र विनंती’पर्यंतचे लांबलचक वाक्य पुरे वाचल्याशिवाय त्यातून काही हाती लागत नाही. वार, तारीख, वेळ आणि जागा त्या वाक्याच्या पोटात एकाच आकाराच्या अक्षरांत बसलेली असतात, आणि वाक्य पोस्टरच्या खालच्या भागात असते. प्रवेशाची अट तर ‘टीप’ होऊन सर्वांत तळाशी गेलेली असते.

याच्या अगदी उलट वळण मराठीतच फार पूर्वीपासून रुजलेले आहे. वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती पाहाव्यात. नाटकाचे नाव ठळक, खाली ‘शनि. दु. ४ गडकरी’, ‘रवि. रात्रौ ८.३० शिवाजी मंदिर’ अशा ओळी. विनंती नाही, ‘संपन्न होणार असून’ नाही. जाहिरातीचे पैसे जागेच्या मापाने मोजावे लागतात, म्हणून तिथे वार, वेळ आणि नाट्यगृह एवढेच उरले. पण त्या काटकसरीतून झालेली सोय इतकी पक्की आहे, की नाटकवेडा माणूस पानभर जाहिरातींतून आपला प्रयोग क्षणात काढतो. गावच्या पोस्टरला दिशा हवी ती हीच.

मजकूर बदलायला बसताना संगणक उघडायची गरज नाही. जुन्या पोस्टरची प्रत आणि पेन्सिल पुरते. जो शब्द वगळला तर एखादा माणूस चुकीच्या दिवशी, चुकीच्या ठिकाणी किंवा पासाशिवाय येईल, त्याखाली रेघ मारायची. वरच्या लांब वाक्यात रेघा पडतात त्या अशा: बुधवार, २२/१०/२०२५, पहाटे ५.३०, वाचनालयाच्या प्रांगणात. बाकीचे शब्द सौजन्याचे आहेत. त्यांचा अपमान न करताही ते खाली नेता येतात किंवा पत्रिकेसाठी राखून ठेवता येतात. रेघ मारलेले शब्द मात्र वाक्यातून सोडवून स्वतंत्र ओळींवर आणायचे. वाक्य मोडायचा धीर झाला की निम्मे काम झाले. तरी पुष्कळ ठिकाणी गाडी इथेच अडते, कारण क्रियापदाशिवाय ओळ लिहिणे समितीतल्या ज्येष्ठांना रूक्ष वाटते.

तारीख आधी घेऊ. ‘दि. २२/१०/२०२५ रोजी’ यात महिना आकड्यात आहे, वर्षाने चार अंकांची जागा घेतली आहे आणि ‘दि.’, ‘रोजी’ हे शब्द नुसतेच सोबतीला आहेत. ‘बुधवार, २२ ऑक्टोबर’ हे लांबूनही कळते. वार लिहायलाच हवा, कारण रजा आहे का, दुकान बंद ठेवायचे का, याचा हिशेब माणसे वारावरून करतात. पंधरा दिवसांवर आलेल्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर वर्ष मोठे लिहायची गरज नसते. मात्र जुने पोस्टर भिंतीवर टिकून राहते आणि व्हॉट्सअॅपवर वर्षभराने पुन्हा फिरते, म्हणून लहान अक्षरात एका बाजूला वर्ष असू द्यावे.

सणाचे नाव हे तारखेला पर्याय नाही, याचा धडा २०२५ च्या दिवाळीनेच दिला. त्या वर्षी आश्विन अमावास्या २० ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि २१ च्या संध्याकाळी संपली. देशात अनेक ठिकाणी लक्ष्मीपूजन २० तारखेला झाले, तर महाराष्ट्रातल्या पंचांगांनी आणि सुट्ट्यांच्या यादीने २१ तारीख धरली. पाडवा २२ ला आला. अशा वर्षी नुसते ‘पाडव्याच्या मंगल प्रभाती’ असे छापले तर बाहेरगावाहून सुट्टीवर आलेला माणूस मोबाइलमधले कुठले तरी कॅलेंडर पाहतो आणि एक दिवस आधी पटांगणात जाऊन उभा राहतो.

पहाटेच्या कार्यक्रमाला आणखी एक पेच असतो. पहाटे साडेपाचला उठून जायचे तर तयारी मंगळवारी रात्रीच करावी लागते, म्हणून काहींच्या डोक्यात ‘मंगळवार रात्र’च पक्की होते. त्यामुळे वार, तारीख आणि ‘पहाटे ५.३०’ एकमेकांना चिकटून असावेत, मध्ये दुसरे काही येऊ नये. ‘ठीक’ या शब्दाने कुणी वेळेवर येत नाही. ‘प्रवेश ५ वाजल्यापासून’ असे लिहिले तर मात्र माणसे त्या हिशेबाने घरातून निघतात.

ठिकाणाच्या बाबतीत चूक होते ती गावातल्याच माणसांकडून, कारण त्यांना सगळे ठाऊक असते. ‘वाचनालयाच्या प्रांगणात’ हे सभासदाला पुरते. गावात नव्याने राहायला आलेल्या बँकेच्या कर्मचाऱ्याला किंवा शेजारच्या खेड्यातून येणाऱ्याला ते पुरत नाही. सर्व्हे नंबर आणि प्रभाग क्रमांकासह पूर्ण पत्ता छापणे हाही उपाय नव्हे, कारण रिक्षावाल्याला कुणी सर्व्हे नंबर सांगत नाही. जागेचे नाव आणि एक खूण एवढे द्यावे: ‘वाचनालयाचे पटांगण, एसटी स्टँडच्या मागे’. दोन फाटके असतील तर कुठले उघडे राहणार तेही सांगावे. पहाटे अंधार असतो आणि विचारायला रस्त्यावर कुणी नसते. ऑक्टोबरातली दिवाळी असेल तर परतीच्या पावसाची धास्ती असते, म्हणून ‘पाऊस आल्यास आतील सभागृहात’ ही ओळ ठिकाणाच्या लगेच खाली शोभते.

सगळ्यांत जास्त मनस्ताप प्रवेशाच्या ओळीतून होतो. नमुन्यातली टीप पुन्हा पाहावी: ‘प्रवेश विनामूल्य. प्रवेशिका आवश्यक. काही जागा राखीव.’ तीन छोटी वाक्ये आहेत आणि तिन्ही खरी आहेत. पोस्टर मोठे करताना मात्र यातला ‘प्रवेश विनामूल्य’ हा आनंदाचा भाग लाल पट्टीत जातो आणि उरलेले दोन तळाशी राहतात. पहाटे पाचला आजी-आजोबांना घेऊन आलेले कुटुंब फाटकावर अडवले जाते. ते म्हणतात, ‘फुकट आहे असं लिहिलंय की!’ कार्यकर्ता खालच्या ओळीकडे बोट दाखवतो. दोघांचेही बरोबर असते, आणि सणाच्या सकाळी त्या दोघांमध्ये वाद लावून देण्याचे काम पोस्टरने केलेले असते. म्हणून नियम पक्का ठेवावा: विनामूल्य आणि प्रवेशिका हे शब्द एकाच ओळीत, एकाच आकारात यायला हवेत. प्रवेशिका कुठे, कधीपासून, किती वाजता आणि एकाला किती मिळतील, हे त्याच्या लगेच खाली द्यावे. ‘काही जागा राखीव’ ऐवजी ‘पहिल्या दोन रांगा राखीव’ असे लिहिले, की लवकर येऊन पुढे बसलेल्याला उठवायची वेळ येत नाही. देणगी प्रवेशिका असेल तर रक्कम आकड्यात छापावी. रक्कम न छापता ‘देणगी प्रवेशिका उपलब्ध’ एवढेच लिहिले की संकोची माणूस चौकशीच करत नाही आणि घरी बसतो.

एवढे झाल्यावर पोस्टरचा वरचा दोन-तृतीयांश भाग असा दिसतो:

पाडवा पहाट
नाट्यगीते, भावगीते, अभंग
बुधवार, २२ ऑक्टोबर
पहाटे ५.३० (प्रवेश ५ वाजल्यापासून)
वाचनालयाचे पटांगण, एसटी स्टँडच्या मागे
पाऊस आल्यास आतील सभागृहात
प्रवेश विनामूल्य, प्रवेशिका आवश्यक
प्रवेशिका वाचनालयात, १५ ऑक्टोबरपासून, सायंकाळी ५ ते ८, एकास जास्तीत जास्त दोन

कार्यक्रमाचे नाव तारखेच्या वर ठेवले आहे, कारण काय आहे हेच कळले नाही तर कधी आहे याला अर्थ उरत नाही. पण दरवर्षी होणाऱ्या, गावाला तोंडपाठ असलेल्या व्याख्यानमालेचे किंवा जत्रेतल्या कुस्त्यांचे पोस्टर असेल तर तारीख नावापेक्षाही मोठी असायला हरकत नाही. गाव नवे काही शोधत असेल तर ते तारखेतच. गायक नामवंत असेल तर त्याचे नाव वर आणावे, कारण लोक त्याच्यासाठी येणार आहेत. हा निर्णय समितीनेच घ्यायचा. फक्त तो घेताना प्रश्न असा विचारावा: कुणाचे नाव वाचून माणूस घरातून निघेल?

आता उरतात ती माणसांची नावे, आणि खरी कसोटी तिथेच लागते. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, कार्यकारिणी, जाहिरातदार, फोटो. वाचनालयासारख्या संस्थेत ही माणसे स्वतःच्या खिशातून आणि वेळेतून कार्यक्रम उभा करतात. त्यांची नावे गाळा असे सांगणे अन्याय्य आहे. पण मानाच्या उतरंडीप्रमाणे वेगवेगळ्या आकारात नावे छापली की पोस्टरवर आकारांची गर्दी होते आणि तारीख त्यात बुडते. यावर बऱ्यापैकी चालणारी तोड अशी: सगळी नावे तळाच्या एकाच चौकटीत, एकाच आकारात, पदासह द्यावीत आणि सविस्तर मानाची पत्रिका वेगळी छापावी. पत्रिका घरोघरी जाते, कार्यक्रमानंतर जपून ठेवली जाते, तिथे नाव मोठे असण्यात शोभाही आहे. जाहिरातदारांशी बोलतानाच तळाची पट्टी आणि तिची उंची ठरवून घ्यावी. छपाईच्या आदल्या दिवशी ठरवायला गेले तर ती पट्टी वर सरकत सरकत तारखेपर्यंत येते.

अक्षरांच्या मापासाठी एक ढोबळ हिशेब हाताशी ठेवावा. किती अंतरावरून वाचले जावे, त्या अंतराला दोनशेने भागले की अक्षराची किमान उंची मिळते. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याला चार मीटरवरून तारीख दिसायला हवी असेल तर अक्षराची उंची २० मिलिमीटर हवी. ए-३ कागद २९७ मिलिमीटर रुंद असतो आणि ‘बुधवार, २२ ऑक्टोबर’ ही ओळ त्या उंचीत एका रांगेत नीट बसते. इथे एक फसगत होते. संगणकावर निवडलेला पॉइंटचा आकडा अक्षराच्या वर-खालच्या मात्रा, उकार यांची जागा धरून असतो. ७२ पॉइंट म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर खरे, पण शिरोरेघेपासून खालपर्यंतचे अक्षर त्याहून बरेच लहान छापले जाते. म्हणून पडद्यावरच्या आकड्यावर न जाता एक ओळ खऱ्या मापात छापून पट्टीने मोजावी. ठिकाण आणि प्रवेशाच्या ओळी यापेक्षा थोड्या लहान चालतात, नावे सहा-सात मिलिमीटरची पुरतात, कारण ती वाचणारा माणूस आपणहून जवळ येतो.

रोमन लिपीतल्यासारखी मोठी आणि छोटी अशी दोन रूपे देवनागरीत नाहीत. त्यामुळे उठाव द्यायला आकार, जाडी आणि भोवतालची मोकळी जागा एवढीच साधने आहेत, आणि तिसरे फुकट असूनही सगळ्यांत कमी वापरले जाते. तारखेच्या वर आणि खाली बोटभर कोरी जागा सोडली तर लाल-पिवळ्या झळाळीशिवायही ती उठून दिसते. ओळ रुंदीत बसवण्यासाठी अक्षरांत अंतर वाढवले की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. अक्षरे आडवी ताणली की उभ्या रेघा जाड होतात. ओळी फार जवळ आणल्या तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत किंवा रफारात घुसतो. अक्षरांभोवती जाड किनार देण्याची हौस असते, तिच्यात अनुस्वार बुजून जातो. पोस्टरवर सगळे अक्षरप्रकार एकदम वापरण्यापेक्षा मुक्तासारखा एकच साधा, मोफत मिळणारा फॉन्ट त्याच्या हलक्या आणि जाड रूपांत वापरला तरी पोस्टर स्वच्छ होते. नावापुरते काही गोलसर, सणासुदीचे हवे असेल तर बलू आहे. दोन्ही मुंबईच्या एक टाइप या संस्थेची कामे आहेत आणि युनिकोडमध्ये आहेत.

युनिकोडचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. मजकूर एका जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला असतो, फ्लेक्सवाल्याकडे दुसराच फॉन्ट असतो आणि फाइल उघडली की जोडाक्षरे फुटतात. ती फूट निदान डोळ्यांना दिसते. आकडा बदलला किंवा गळला तर तो कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ५.३० च्या जागी ६.३० सुद्धा सुबकच दिसते. म्हणून अंतिम प्रूफ फोनवर न बघता कागदावर बघावे, आणि आकडे एकाने मोठ्याने वाचून दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडावेत.

आज पोस्टर भिंतीवर जितके वाचले जाते तितकेच, कदाचित जास्त, ते फोनवर वाचले जाते. ए-३ चे पोस्टर फोनच्या पडद्यावर आले की सुमारे साडेचार पटीने लहान होते. २० मिलिमीटरचे अक्षर साडेचार मिलिमीटरचे होते, म्हणजे तारीख सहज वाचता येते. पाच मिलिमीटरची टीप मात्र जेमतेम एक मिलिमीटर उरते. प्रवेशिकेची अट मोठी करायला हे कारणही पुरेसे आहे. चित्राबरोबर त्याच आठ ओळी साध्या टंकलेल्या मजकुरात पाठवाव्यात, म्हणजे लोकांना त्या उचलून दुसरीकडे पाठवता येतात आणि ग्रुपमध्ये नंतर ‘पाडवा’ असे शोधले तर सापडतात. प्रवेशिकेसाठी क्यूआर कोड द्यायचा असेल तर तो फोनपासून जितका लांब असेल त्याच्या दहाव्या हिश्शाइतका तरी रुंद हवा आणि भोवती पांढरी कड हवी. हाताच्या अंतरावरच्या पोस्टरला तीन-चार सेंटिमीटर पुरतो. चौकात दहा फुटांवर टांगलेल्या फलकावर तो टपाल तिकिटाएवढा छापला तर नुसती नक्षी होते.

तयार झालेले पोस्टर तपासायला समितीतला माणूस घेऊ नये, त्याला सगळे आधीच पाठ असते. वाचनालयात पुस्तक बदलायला आलेल्या कुणाला तरी पोस्टरासमोरून चालत जायला सांगावे आणि वळल्यावर विचारावे: कधी आहे, कुठे आहे, जायला काय लागेल? ज्या प्रश्नाला तो ‘बघतो पुन्हा’ म्हणतो, ती ओळ चुकीच्या जागी किंवा चुकीच्या आकारात आहे. त्याने पणत्यांचे कौतुक केले तर आनंद मानावा, पण छपाईला हिरवा कंदील त्या तीन उत्तरांवरच द्यावा.

छापायला देण्याआधीची शेवटची तपासणी वार आणि तारखेच्या जोडीची. बहुतेक पोस्टरे गेल्या वर्षीची फाइल उघडून तयार होतात. २०२४ चा पाडवा शनिवारी, २ नोव्हेंबरला होता. त्या फाइलीत तारीख बदलून २२ ऑक्टोबर केली आणि ‘शनिवार’ तसाच राहिला, तर वाचणाऱ्यांपैकी काहीजण तारखेवर विश्वास ठेवतील, काहीजण वारावर. पटांगणाच्या परवानगीचे पत्र आणि पंचांग समोर ठेवून ही जोडी जुळवावी. एवढे करूनही छापल्यावर चूक सापडलीच, तर तारीख, ठिकाण आणि प्रवेश एकाच पट्ट्यात एकत्र आणल्याचा फायदा तेव्हा होतो. दुरुस्तीची एकच कागदी पट्टी छापून खळीने त्यावर डकवता येते आणि बाकीचे पोस्टर शाबूत राहते.